एक्सेलच्या रजिस्टरवरून ERPNext वर: स्टोअर आणि शॉप फ्लोअरच्या प्रशिक्षणाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

### हे कोणासाठी लिहिलं आहे?

भोसरी, चाकण, अंबड, वाळूज अशा औद्योगिक भागांतल्या पन्नास-साठ माणसांच्या मशिनिंग किंवा प्रेस युनिटसाठी. अशा ठिकाणी मालाची आवक, इश्यू, जॉबवर्क आणि डिस्पॅच हे सगळं एक्सेलच्या चार-पाच फाइलींत असतं आणि त्या फाइली दोन-तीन माणसांनाच कळतात. आता मालकांनी ERPNext घ्यायचं ठरवलं आहे. साठा, खरेदी, विक्री आणि हिशेब एकाच जागी ठेवणारी, मुंबईच्या फ्रॅपे या कंपनीने बनवलेली ही मुक्त स्रोत प्रणाली आहे. खाली स्क्रीनवरची नावं त्याच प्रणालीतली आहेत, पण प्रशिक्षणाचा क्रम दुसरी कोणतीही ईआरपी घेतली तरी फारसा बदलत नाही.

खरेदी, विक्री आणि हिशेब या विभागांबद्दल इथे थोडंच आहे. भर स्टोअरवर आहे, कारण स्टोअरची नोंद चुकली की पुढचा प्रत्येक विभाग चुकीच्या आकड्यावर काम करतो.

### आमच्या स्टोअरकीपरला एक्सेल उत्तम येतं. मग त्याला नवीन काय शिकायचं आहे?

बटणं कुठे आहेत हे तो दोन दिवसांत शिकेल. अवघड भाग वेगळा आहे. एक्सेलमध्ये शिल्लक हा एक आकडा असतो आणि तो थेट बदलता येतो. रॅकवर 40 नग दिसले आणि फाइलमध्ये 46 असले, तर 46 खोडून 40 लिहिलं की विषय संपतो. ERPNext मध्ये शिल्लक लिहायला जागाच नाही. आलेला प्रत्येक माल आणि गेलेला प्रत्येक माल यांच्या नोंदींतून प्रणाली शिल्लक स्वतः काढते. शिल्लक चुकली असेल तर कोणती तरी नोंद चुकली, राहिली किंवा दोनदा झाली, असाच त्याचा अर्थ. दुरुस्तीही नोंदीनेच करावी लागते.

दुसरा बदल वेळेचा. एक्सेलमध्ये दिवसभराच्या स्लिपा संध्याकाळी एकत्र बसून चढवल्या तरी फाइल तक्रार करत नाही. आधी इश्यू लिहिला आणि नंतर आवक लिहिली तरी बेरीज तीच येते. प्रणालीत क्रमाला अर्थ असतो. जो माल अजून आलेला दाखवला नाही, तो इश्यू करू दिला जात नाही.

आमच्या मते संपूर्ण प्रशिक्षणाची आखणी या दोन सवयींभोवती व्हायला हवी: माल हलला की त्याच वेळी नोंद, आणि चूक झाली तर ती उलट नोंदीने दुरुस्त. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी सॉफ्टवेअर विकणाऱ्याचा माणूस येतो, दोन दिवस प्रोजेक्टरवर मेन्यू दाखवतो आणि जातो. स्क्रीन सगळ्यांनी पाहिलेले असतात, पण संध्याकाळी स्लिपा चढवण्याची सवय तशीच राहते.

### प्रशिक्षणाची सुरुवात कुठून करायची?

जुन्या फाइलीच्या साफसफाईपासून, आणि ती साफसफाई स्टोअरच्याच माणसांनी करायची. हे काम बाहेरच्या माणसाला किंवा आयटीवाल्याला दिलं तर यादी वेळेत होते, पण प्रणालीत चढलेली नावं स्टोअरला आपली वाटत नाहीत. मग शोध घेताना आयटम सापडत नाही आणि लोक नवा आयटम तयार करून टाकतात. महिन्याभरात एकाच बेअरिंगचे तीन कोड झालेले असतात.

एक्सेलमधून यादी काढताना काही ठरलेले दगाफटके असतात. 00415 असा कोड असेल तर पुढची शून्यं उडून 415 उरतं. 3-12 असा कोड तारीख होऊन बसतो. 15 पेक्षा जास्त अंकांचा बारकोड असेल तर सोळाव्या अंकापासून पुढे शून्यंच साठवली जातात, आणि ती नंतर परत आणता येत नाहीत. म्हणून कोडचा रकाना आकडे भरण्याच्या आधी Text करायला हवा. नंतर करून गेलेले अंक येत नाहीत.

दोनदा आलेले कोड शोधण्यासाठी आधी मोकळ्या जागा काढा. वेबवरून किंवा पीडीएफमधून चिकटवलेल्या नावांत एक वेगळ्या प्रकारची मोकळी जागा असते, ती नुसत्या TRIM ने जात नाही:

```
=TRIM(SUBSTITUTE(A2,CHAR(160)," "))
```

मग COUNTIF लावून एकापेक्षा जास्त वेळा आलेले कोड वेगळे करा. एक गोष्ट लक्षात ठेवा: COUNTIF ला 007 आणि 7 हे सारखेच वाटतात, कारण आकड्यासारखं दिसणारं सगळं तो आकडाच धरतो. त्यामुळे तो जे दाखवेल ते माणसाने एकदा डोळ्यांखालून घालायलाच हवं.

सूत्राला न सापडणारा भाग याहून मोठा असतो. "Brg 6204 ZZ", "बेअरिंग 6204" आणि "6204-2Z SKF" हे एकच की वेगळे, हे स्टोअरमध्ये रोज हात घालणारा माणूसच सांगू शकतो. यादी घेऊन रॅकसमोर उभं राहायचं आणि एकेक ओळ ठरवायची. या कामाला दोन ते तीन आठवडे धरा. वरवर हे प्रशिक्षण वाटत नाही, पण इथेच माणूस आयटम कोड, एकक आणि वेअरहाउस या तीन गोष्टी शिकतो. नंतरच्या वर्गात त्या पुन्हा समजावाव्या लागत नाहीत.

### बार किलोत घ्यायचा की नगात? एक्सेलमध्ये आम्ही दोन्ही लिहायचो.

हा प्रश्न जवळपास प्रत्येक मशिनिंग युनिटमध्ये येतो आणि तो चालू व्हायच्या आधीच सोडवावा लागतो. ERPNext मध्ये प्रत्येक आयटमला एक मूळ एकक असतं. त्या आयटमवर व्यवहार झाल्यावर ते बदलू दिलं जात नाही. मग नवा आयटम काढून साठा तिकडे हलवावा लागतो.

25 मिलिमीटर व्यासाचा ईएन-8 गोल बार घेऊ. पोलादी गोल बारचं दर मीटर वजन काढायचा कारखान्यातला नेहमीचा हिशेब म्हणजे व्यासाचा वर्ग भागिले 162. 625 भागिले 162, म्हणजे मीटरला सुमारे 3.86 किलो. सहा मीटरचा एक बार 23.15 किलोचा आणि शंभर बार 2,315 किलोचे. वजनकाट्यावर मात्र 2,315 कधीच येत नाही. रोलिंगमध्ये व्यास किंचित कमी-जास्त असतो, लांबीही अगदी सारखी नसते. काटा 2,290 दाखवेल किंवा 2,338.

विक्रेता बिल किलोवर करतो, म्हणून मूळ एकक किलोच ठेवा असा आमचा सल्ला आहे. शॉप फ्लोअरला मात्र बार मोजून दिले जातात. इश्यू करणाऱ्याने 20 बार दिले तर नोंद 463 किलोची करायची की काट्यावर तोलून? काटा स्टोअरजवळ असेल तर तोलून. नसेल तर आयटमच्या एककांच्या तक्त्यात एका बारसाठी 23.15 हा गुणक टाकता येतो. मग माणूस 20 बार लिहितो आणि प्रणाली किलो काढते. यात थोडा फरक साचतो. तो दर महिन्याच्या मोजणीत दिसेल आणि तिथेच मिटवायचा, हे आधीच सगळ्यांना सांगून ठेवा. नाहीतर पहिल्या महिन्यात 25-30 किलोचा फरक दिसला की "सिस्टीम चुकीची आहे" असं बोललं जातं आणि जुनी फाइल पुन्हा उघडते.

तयार नगाचा हिशेबही याच वेळी बसवावा. नगाची लांबी 120 मिलिमीटर आणि कटिंगला 3, म्हणजे एका नगाला 123. सहा मीटरच्या बारमधून 48 नग निघतात आणि 96 मिलिमीटरचा तुकडा उरतो. बीओएममध्ये, म्हणजे एका नगाला किती माल लागतो त्या यादीत, नगाचं निव्वळ वजन म्हणजे 0.463 किलो लिहिलं, तर कागदावरचा बार कधीच पूर्ण संपणार नाही. 23.15 भागिले 48, म्हणजे 0.482 किलो लिहायला हवं, आणि तुकडा स्क्रॅपमध्ये दाखवायला हवा. हा हिशेब प्रॉडक्शनच्या सुपरवायझरबरोबर बसून फळ्यावर करा. त्याला प्रणालीचा उपयोग इथे पहिल्यांदा दिसतो.

### सगळ्यांना एकाच वेळी, एकाच हॉलमध्ये शिकवलं तर वेळ वाचेल ना?

वाचत नाही. गेटवरच्या माणसाला बीओएम बघायचं कारण नाही आणि प्रॉडक्शनच्या माणसाला खरेदीचे दर दिसायलाही नकोत. साठ माणसांच्या युनिटमध्ये प्रणाली प्रत्यक्ष वापरणारे साधारण पंधरा-वीसच असतात. त्यांचे गट कामानुसार करा: गेट आणि स्टोअर, खरेदी, प्रॉडक्शन आणि क्वालिटी, डिस्पॅच आणि बिलिंग, हिशेब. एका गटात पाच-सहापेक्षा जास्त माणसं नकोत आणि प्रत्येकासमोर स्वतःचा संगणक हवा. दोघांत एक संगणक दिला की ज्याला आधीच येतं तोच माउस धरतो.

दोन विभागांच्या सीमेवरचं काम मात्र दोन्ही गटांना एकत्र बसवून शिकवा. स्टोअरने Purchase Receipt म्हणजे आवकेची नोंद केली नाही तर हिशेबवाल्याला बिल जुळवता येत नाही. क्वालिटीने माल पास केला नाही तर प्रॉडक्शनला तो मिळत नाही. समोरच्याचं काम आपल्यामुळे कुठे अडतं हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की नोंद वेळेवर होते.

प्रत्येक विभागातून एकजण आधी आणि जास्त खोलवर तयार करावा. तो पदाने मोठा असण्यापेक्षा, अडलं की लोक ज्याच्याकडे आपोआप जातात असा असावा. नंतरच्या महिन्यात त्याचा दिवसाचा तास-दोन तास लोकांच्या शंकांत जाणार आहे, म्हणून त्याच्या नेहमीच्या कामातून तेवढा वेळ लेखी काढून द्या. हे बोलायला सगळे मान्य करतात आणि डिस्पॅचचा दबाव आला की पहिल्यांदा हाच वेळ कापला जातो.

### एकूण किती वेळ लागतो?

साफसफाईचे आठवडे सोडून आणखी चार आठवडे धरा. पहिल्या आठवड्यात विभागवार निवडलेली माणसं शिकतात. दुसऱ्या आणि तिसऱ्या आठवड्यात बाकीचे शिकतात. चौथ्यात सगळे मिळून एक पूर्ण दिवस चालवून बघतात आणि अडलेलं सोडवलं जातं. एका बैठकीत दीड तासापेक्षा जास्त शिकवू नका, आणि दुसऱ्याच दिवशी तेच काम सरावात करून घ्या. शिकणं आणि प्रत्यक्ष वापर यांत तीन आठवड्यांपेक्षा जास्त अंतर पडलं तर बरंच पुन्हा शिकवावं लागतं. म्हणून चालू करायची तारीख पुढे ढकलली गेली, तर प्रशिक्षणही तितकंच पुढे न्या.

दोन शिफ्ट असतील तर दुसऱ्या शिफ्टला तिच्या वेळेत शिकवा. त्यांना सकाळी लवकर बोलावून शिकवलं तर ते आठ तासांच्या आधीच दमलेले असतात.

### सराव खऱ्या प्रणालीवरच करायचा का?

नाही. सरावासाठी वेगळी प्रत हवी आणि तिच्यात तुमचेच आयटम, तुमचेच विक्रेते हवेत. "आयटम ए, सप्लायर वन" अशा नमुना डेटावर शिकलेला माणूस खऱ्या यादीत गोंधळतो.

सर्व्हर तुमच्याकडे असेल तर खऱ्या प्रणालीचा बॅकअप दुसऱ्या साइटवर उतरवता येतो. उतरवल्यावर लगेच त्या साइटवरून बाहेर जाणारे ईमेल आणि आपोआप चालणारी कामं बंद करा:

```
bench --site sarav.local set-config mute_emails 1
bench --site sarav.local disable-scheduler
```

हे राहिलं तर सरावात केलेली खरेदी ऑर्डर खऱ्या विक्रेत्याच्या इनबॉक्समध्ये जाऊ शकते. प्रणाली बाहेर होस्ट केलेली असेल तर हीच दोन कामं सॉफ्टवेअर देणाऱ्याकडून लेखी करून घ्या. सरावाच्या साइटचा लोगोही बदला, म्हणजे आपण कुठे आहोत हे बघताक्षणी कळेल.

### सरावात नेमकं काय करून घ्यावं?

स्टोअरचा एक खरा दिवस, कागदांसकट. मागच्या महिन्यातली खरी चलनं आणि इश्यू स्लिपा घ्या आणि ज्या क्रमाने माल हलला त्याच क्रमाने चढवा. त्यात तीन अडचणी मुद्दाम ठेवा.

सकाळी दहाला ईएन-8 बारची गाडी येते. ऑर्डर 2,300 किलोची आहे, काट्यावर 2,338 किलो भरले. स्टोअरकीपर Purchase Order वरून Purchase Receipt काढतो, 2,338 टाकतो आणि Submit करतो. प्रणाली नकार देते, कारण ऑर्डरपेक्षा जास्त माल घ्यायची मुभा सुरुवातीला शून्य टक्के असते. इथे दोन वाईट वाटा लगेच सुचतात: 2,300 च लिहायचं, किंवा उरलेल्या 38 किलोची नोंद नंतर करू म्हणून सोडून द्यायची. बरोबर वाट अशी की बारसारख्या वजनी मालाला त्या आयटमवरच थोडी टक्केवारी मान्य करून ठेवायची. ती किती, हे खरेदी विभागाने ठरवायचं. इथे 38 किलो म्हणजे 1.65 टक्के. दोन टक्के मुभा असेल तर नोंद सरळ होते आणि त्याहून जास्त आलं तर खरेदीवाल्याला फोन जातो. वर्गात हा नकार प्रत्येकाला एकदा मिळालाच पाहिजे.

दुसरी अडचण घाईची. गाडी उतरली आहे, क्वालिटीची तपासणी व्हायची आहे आणि प्रॉडक्शनचा सुपरवायझर 20 बार आत्ता मागतो. स्टोअरमध्ये जुने फक्त 40 किलो शिल्लक आहेत. 463 किलोचा इश्यू लिहिला की साठा अपुरा असल्याचा संदेश येतो. Stock Settings मध्ये Allow Negative Stock नावाची एक टिक आहे. ती केली की संदेश बंद होतो, आणि दबावाखाली कोणीतरी ती करतंच. त्याने अडचण लपते. साठा उणे 423 किलो दिसतो आणि त्या मालाची किंमत प्रणाली अंदाजाने धरते. नंतर आवक वेगळ्या दराने चढली की आधी बनलेल्या नगांची किंमत आणि नफ्याचा आकडा दोन्ही हलतात. ही टिक बदलायचा अधिकार एकाच माणसाकडे ठेवा आणि तो स्टोअरचा नसावा.

खरं उत्तर आवक लगेच करण्यात आहे. माल गेटमध्ये आला की Purchase Receipt "क्वालिटी होल्ड" या वेगळ्या वेअरहाउसमध्ये होते आणि तपासणी झाली की Stock Entry ने माल मुख्य स्टोअरमध्ये जातो. तातडी असेल तर क्वालिटीवाला आधी 20 बार तपासून तेवढेच पास करतो. यासाठी दिवसातून एकदा नोंदी करून भागत नाही, म्हणून संगणक स्टोअरच्या खिडकीजवळच हवा. ऑफिसमधल्या संगणकावर जाऊन नोंद करायची असेल, तर कितीही प्रशिक्षण दिलं तरी ती संध्याकाळीच होणार.

तिसरी अडचण जॉबवर्कची. प्लेटिंगला 500 नग गेले, 488 परत आले, 7 रिजेक्ट आणि 5 चा पत्ता नाही. एक्सेलमध्ये ही ओळ तशीच पडून राहायची. प्रणालीत जॉबवर्करच्या नावाचं वेअरहाउस असतं आणि ते 5 नग त्याच्याकडेच शिल्लक दिसतात. जीएसटीच्या नियमानुसार जॉबवर्कला पाठवलेला कच्चा माल वर्षभरात परत यायला हवा, नाहीतर तो पाठवल्याच्या दिवशीच पुरवठा झाला असं धरलं जातं. म्हणून हे 5 नग दिसत राहणं हिशेबवाल्याला हवंच असतं. हा सराव स्टोअर आणि हिशेब या दोघांना एकत्र बसवून करा.

### Submit झाल्यावर चूक लक्षात आली तर नोंद खोडता येते का?

खोडता येत नाही, रद्द करता येते. Save केलेली नोंद कच्ची असते, ती हवी तशी बदला. पण तिचा साठ्यावर काहीच परिणाम झालेला नसतो. अनेकजण Save करून काम झालं असं समजतात आणि मग शिल्लक का बदलली नाही म्हणून विचारतात. Submit केल्यावर नोंद पक्की होते. चुकली तर Cancel आणि मग Amend. जुनी नोंद रद्द म्हणून दिसत राहते आणि नवीच्या क्रमांकापुढे -1 लागतं.

रद्द करणंही दर वेळी शक्य नसतं. 2,338 किलो आत आले, त्यातले 2,000 किलो वापरले गेले आणि मग ती आवक रद्द करायला गेलात, तर मधल्या काळात साठा उणे होईल म्हणून प्रणाली अडवते. बिल जोडलेलं असेल तर आधी बिल रद्द करावं लागतं. म्हणून चूक लक्षात आली की लगेच सांगा, हे वर्गात स्पष्ट सांगितलं पाहिजे. आणि सांगणाऱ्याला पहिले दोन महिने कोणी बोलायचं नाही, असं मालकांनी स्वतः सगळ्यांसमोर जाहीर करावं. नाहीतर लोक चूक लपवण्यासाठी दुसरी चुकीची नोंद करतात, आणि अशी जोडी शोधून काढायला फार वेळ जातो.

### काही महिने एक्सेल आणि ERPNext दोन्ही चालवावं का?

आमचं मत स्पष्ट नाही असं आहे. दोन्ही ठिकाणी लिहायचं म्हटलं की माणूस ओळखीच्या फाइलीत आधी लिहितो आणि प्रणालीत संध्याकाळी. म्हणजे जी सवय मोडायची, तीच पक्की होते. शिवाय दोन आकडे वेगळे आले तर खरा कोणता हे कोणीच सांगू शकत नाही.

ताळा हवा असेल तर तो रॅकशी घ्या. रोज दहा-बारा आयटम प्रत्यक्ष मोजायचे, महाग आणि जास्त हलणारे आधी, आणि Stock Balance शी जुळवायचे. फरक आला तर त्याच दिवशी Stock Ledger उघडून कोणत्या नोंदीत घोळ आहे ते शोधायचं. दोन-तीन आठवड्यांत कोणत्या प्रकारची नोंद वारंवार चुकते हे कळतं आणि तेवढंच पुन्हा शिकवता येतं.

जुनी फाइल पुसू नका. ती फक्त वाचता येईल अशी करून सर्व्हरवर ठेवा.

### चालू करायचा दिवस कसा निवडावा?

1 एप्रिल हिशेबाला सोयीचा वाटतो आणि 31 मार्चला मोजणीही होतेच. पण मार्चअखेर डिस्पॅचचा सर्वांत मोठा दबाव असतो आणि हिशेबवाले वर्ष बंद करण्यात गुंतलेले असतात. शिकलेलं वापरायला शांत आठवडा लागतो. म्हणून मधल्या एखाद्या महिन्याची सुरुवात, साप्ताहिक सुट्टीला लागून, हे जास्त चांगलं. भोसरी-पिंपरीकडे गुरुवारची सुट्टी असते. ती मोजणीला वापरा.

मोजणीनंतर Stock Reconciliation ने सुरुवातीचा साठा चढतो. त्यात नगांबरोबर दरही द्यावा लागतो, त्यामुळे हिशेबवाला मोजणीच्या दिवशी हजर हवा. विसरल्या जाणाऱ्या तीन गोष्टी: जॉबवर्करकडे पडलेला माल, मशिनवर अर्धवट झालेले नग, आणि अर्धा माल आलेल्या खरेदी ऑर्डरी. पुढच्या महिन्यात "शिल्लक जुळत नाही" असं जे कानावर येतं, त्यातलं बरंचसं या तीन जागांतून आलेलं असतं.

### इंग्रजी वाचायची सवय नसलेल्यांचं काय?

ERPNext मध्ये प्रत्येक वापरकर्त्याची भाषा वेगळी ठेवता येते आणि Translation मध्ये स्वतःचे शब्द टाकता येतात. पण अनुभवाने सांगतो, पुस्तकी मराठीने गोंधळ वाढतो. "साठा समेट" वाचून कोणालाच काही कळत नाही. कारखान्यात ज्याला इश्यू स्लिप म्हणतात त्याला स्क्रीनवरही तेच म्हणा.

त्याहून जास्त उपयोग होतो तो कामाच्या जागी लावलेल्या एका पानाचा: गाडी आली की काय करायचं, पाच पायऱ्या, स्क्रीनच्या चित्रांसकट, मराठीत. वीस पानांचं पुस्तक कोणी उघडत नाही. आणि माणसाला दर वेळी रिकामे रकाने दिसू देऊ नका. जे भरायची गरज नाही ते त्याच्या स्क्रीनवरून लपवून टाका.

### शिफ्टला एकच लॉगिन दिलं तर चालेल?

नाही. कोणी काय केलं हे कळणं हा शिकवण्याचा आधार आहे: ज्याची नोंद चुकते त्यालाच पुन्हा शिकवता येतं. शिवाय युनिट कंपनी म्हणून नोंदलेलं असेल, तर 1 एप्रिल 2023 पासून हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाचा माग राहणं आणि तो बंद करता न येणं कायद्याने सक्तीचं आहे. चौघांचं एकच लॉगिन असेल तर त्या मागाला काही अर्थ राहत नाही.

### प्रशिक्षण लागू पडलं हे कशावरून ओळखायचं?

परीक्षेच्या गुणांवरून नाही. प्रणालीतच खुणा असतात. Stock Entry च्या यादीत नोंदीची तारीख आणि Created On शेजारी ठेवून बघा. दोन्हींत रोज अंतर असेल, किंवा सगळ्या नोंदी पाच ते साडेसहाच्या दरम्यान तयार होत असतील, तर लोक अजून वहीत लिहून नंतर चढवत आहेत. मागच्या तारखेच्या नोंदी करायचा अधिकार Stock Settings मधून एका भूमिकेपुरता मर्यादित ठेवता येतो. पहिल्या महिन्यानंतर तो ठेवाच, कारण मागची एक नोंद पुढच्या सगळ्या नोंदींची किंमत पुन्हा मोजायला लावते.

कच्च्या अवस्थेत पडून राहिलेल्या नोंदी मोजा. त्या वाढत असतील तर माणूस Submit करायला घाबरतो आहे किंवा त्याला अधिकारच नाहीत. रद्द केलेल्या नोंदी पहिल्या महिन्यात भरपूर असणं चांगलं लक्षण आहे. एकही नसेल तर चुका दाबल्या जात आहेत असं समजा.

आणि स्टोअरच्या संगणकावर "स्टॉक नवीन फायनल" अशा नावाची फाइल सापडली, तर रागावण्याआधी उघडून बघा. त्यात असा एखादा रकाना असतो जो प्रणालीत मिळत नाही, बहुतेक वेळा रॅक नंबर किंवा हीट नंबर. तो आयटमवर किंवा बॅचवर आणून द्या, फाइलची गरजच उरत नाही.

### मग एक्सेल पूर्ण बंद?

अहवाल एक्सेलमध्ये काढून पिव्होट करायला काहीच हरकत नाही, आणि लोकांना ते शिकवाही. फक्त त्या फाइलीत बदललेला आकडा प्रणालीत जाणार नाही, हे सांगा. Data Import चा अधिकार मोजक्याच माणसांकडे ठेवा.

### सहा महिन्यांनी नवा स्टोअरकीपर आला तर?

सरावाची साइट बंद करू नका. दर तीन महिन्यांनी तिच्यात ताजा बॅकअप उतरवा आणि तीच दोन कामं पुन्हा करा: ईमेल बंद, आपोआप चालणारी कामं बंद. नव्या माणसाला पहिले चार दिवस तिथे त्याच गाडीचा, त्याच घाईच्या इश्यूचा आणि त्याच प्लेटिंगच्या पाच नगांचा सराव द्या. तिन्ही ठिकाणी नकार आल्यावर त्याने काय केलं हे त्याच्या शेजारी बसून बघा, आणि मगच त्याला खऱ्या प्रणालीत Submit चा अधिकार द्या.